गायरानाला कुलूप नको, पाळी लावा

मा. संपादक,

सोलापूर जिल्ह्यात गावोगावी ग्रामसभांपुढे गायरानावर चराईबंदीचे ठराव येतात. आदर्श गाव योजनेत चराईबंदी आहेच आणि ओसाड माळ पाहिला की ती पटतेही. पण सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट या भागात ज्यांच्या घरी जमीन थोडी आणि मेंढ्या-शेळ्या जास्त, त्यांच्यासाठी गायरान हाच पावसाळ्यातला चारा असतो. पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी याच भागात नोकरी केली. माझे मत असे की गायरान बंद करण्यापेक्षा पट्टे पाडून पाळीने चारावे. पट्टे किती आणि कळप कुठे किती दिवस थांबायचा, हे गवतावरून ठरवायचे तसेच मेंढीच्या पोटातल्या जंतावरूनही ठरवायचे.

पावसाळ्यात आपल्याकडची मेंढरे ज्याने खंगतात तो मुख्यतः रक्त पिणारा गोलकृमी, पशुवैद्यक त्याला हिमोंकस म्हणतात. त्याची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते आणि ती लेंडीतून माळावर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की साधारण पाच ते सात दिवसांत त्यातून निघालेली अळी लागण करण्याजोगी होते. ती दवाच्या ओलीवर गवताच्या बुडाशी चढते आणि बहुतेक अळ्या जमिनीपासून तीन-चार बोटांच्या आतच राहतात. या अळीला बाहेर काही खाता येत नाही. अंगातल्या साठ्यावर ती जगते, आणि हवा जितकी उष्ण तितका तो साठा लवकर संपतो. उष्ण, दमट हवेत चार-सहा आठवड्यांत माळावरच्या अळ्या बऱ्याच घटतात. सगळ्या मात्र मरत नाहीत.

यातूनच दोन नियम निघतात. कळप एका पट्ट्यात पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, म्हणजे आपल्याच लेंडीतल्या अळ्या तयार होईपर्यंत तो पुढे गेलेला असतो. आणि त्या पट्ट्यात पुन्हा किमान पाच आठवडे यायचे नाही. पावसाळ्यात गवताला पुन्हा वीतभर वाढायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. गवत वीतभर झाले की आत जावे आणि चार बोटे राहिले की पाच दिवस झाले नसले तरी बाहेर पडावे. खाली राहिलेल्या चार बोटांतूनच मारवेल आणि शेडा पुन्हा फुटतात, आणि अळ्याही तिथेच असतात.

पंचेचाळीस एकरांचे गायरान धरू. पाच-पाच एकरांचे नऊ पट्टे पाडले. एक पट्टा बी पडेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, बंद ठेवला आणि दरवर्षी हा मान वेगळ्या पट्ट्याला दिला. उरलेल्या आठांत पाच-पाच दिवस चारले की पहिल्या पट्ट्याला 35 दिवस विश्रांती मिळते. तारेचे कुंपण लागत नाही. दगडांच्या ढिगांवर चुना मारला, कोणता पट्टा कधी उघडणार याची दवंडी दिली आणि एक राखणदार नेमला की पुरे, कारण मेंढपाळ स्वतःच कळपाचे कुंपण असतो.

आता जनावरे किती, हा प्रश्न. ग्रामसभेत यावर कुणी बोलत नाही आणि पाळीची योजना इथेच फसते. हिशेब सोपा आहे. गवत पूर्ण वाढले की माळावर पाच-सहा ठिकाणी एक मीटर लांब-रुंद चौकट टाकून आतले गवत मुळाशी कापावे, वाळवावे आणि तोलावे. सरासरी 100 ग्रॅम भरले तर एकरी साधारण 400 किलो वाळले गवत झाले. चाळीस एकरांचे 16,000 किलो. त्यातले निम्मे मातीसाठी आणि मुळांसाठी सोडायचे, म्हणजे खायला 8,000 किलो. तीस किलोची मेंढी किंवा शेळी दिवसाला साधारण एक किलो वाळला चारा खाते. जुलैच्या मध्यापासून चार महिने, म्हणजे 120 दिवस, या माळावर फक्त 66 जनावरे पोटभर चरू शकतात. गावात तीनशे असतील तर तेच गवत 27 दिवसांत संपेल. तेव्हा पट्टे कितीही नेटके पाडा, विश्रांतीचे दिवस पाळणे शक्य होणार नाही. पाचव्या पट्ट्यावर पोचायच्या आतच लोक पहिल्यात परत येतील.

म्हणून तीनशे जनावरांच्या गावाने आधी ठरवावे की गायरानातून प्रत्येक घराला साधारण पाव चारा मिळेल, बाकीचा बाहेरून आणायचा. आपला भाग रब्बी ज्वारीचा, त्यामुळे जून ते ऑगस्ट बरीच शेते पडीक असतात. कळप तेव्हा त्या पडिकावर फिरवता येतात आणि पहिल्या पावसानंतर गायरानाला महिनाभर हात न लावता सोडता येते. खरी अडचण सप्टेंबरात येते. शेते पेरणीला जातात, कळप सगळे गायरानावर येतात आणि आपल्याकडचा मोठा पाऊसही तेव्हाच पडतो. ऑगस्टच्या उघडिपीत वाळलेल्या लेंडीत अडकून राहिलेल्या अळ्या या पावसाने बाहेर येतात. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त मेंढरे सप्टेंबर-ऑक्टोबरात आजारी पडतात. त्या दोन महिन्यांचा चारा शेवरी, सुबाभूळ, कडबा असा आधी जोडून ठेवलेला असला पाहिजे.

शेळीबद्दल वेगळे सांगायला हवे. उस्मानाबादी शेळीचे तोंड मुळात झुडपाकडे असते, आणि वर खाणाऱ्या शेळीला जंत कमी लागतात. गायरान साफ करताना बोर-बाभळी तोडल्या की तीच शेळी खुरट्या गवतावर येते. मेंढीपेक्षा तिची जंतांशी झुंजायची ताकद कमी, त्यामुळे ती आधी आडवी होते. माळावरची झुडपे राखा.

योजना बिघडते आहे हे कसे ओळखायचे? खालची पापणी उलटून आतला रंग पाहावा. तो लालसर असला तर ठीक, फिकट गुलाबी झाला तर लक्ष ठेवावे आणि पांढुरका दिसला तर औषध लगेच. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबली तर रक्त फार उतरले आहे असे समजावे. या जंतात हगवण बहुधा नसते, म्हणून लेंडी घट्ट आहे यावर विसंबू नये. पट्टे पाळूनही पापण्या पांढऱ्या पडत असतील तर बहुतेक दोष पाणवठ्याच्या काठचा असतो. सगळे पट्टे एकाच तळ्याला जोडलेले असतात आणि तिथली कायम ओली हिरवळ रोज तुडवली, खाल्ली जाते. तिला विश्रांती कधीच मिळत नाही. तो काठ काट्यांनी बंद करून पाणी हौदात द्यावे.

जंतनाशक सरसकट पाजू नये. पापणी फिकट असलेल्यांनाच, वजन करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. शेळीचा डोस मेंढीइतका धरू नये. सगळ्या कळपाला औषध पाजून त्याच दिवशी स्वच्छ पट्ट्यात सोडले की औषधाला न दबणारेच जंत तिथे उरतात आणि पुढच्या वर्षी तेच औषध पाण्यासारखे होते.

चराईबंदीचा ठराव करण्याआधी ग्रामपंचायतींनी हा हिशेब ग्रामसभेत मांडावा. सांगोला तालुक्यात महूद येथे शेळी-मेंढी महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. तिथे एक माळ पट्ट्यांनी आणि एक मोकाट चारून ऑक्टोबरात दोन्ही कळपांच्या लेंड्या तपासाव्यात आणि आकडे पंचक्रोशीतल्या मेंढपाळांना दाखवावेत, अशी माझी मागणी आहे.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, मंगळवेढा (जि. सोलापूर)