सिस्टर, आजोबांनी तुमच्यासाठी शेंगा आणल्यात

सिस्टर, नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगायला गेलो असतो तर "बरं बरं, जेवलात का?" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून लिहितोय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय. त्या रात्रीला तीन आठवडे झाले, पण अजून आठवलं की पोटात खड्डा पडतो.

अस्थिरोग विभागातली माझी पहिली कॉलची रात्र होती. बेड नंबर ११ वर ७४ वर्षांचे आजोबा होते. गोठ्यात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि आदल्याच दिवशी त्यांचा अर्धा सांधा बदलला होता. दीडच्या सुमारास त्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. सलाईन उपटली, वॉर्डबॉय मामांना लाथ मारली, "भाईर जाऊ द्या मला, भाईर जाऊ द्या" हा एकच धोशा. नवा सांधा असा आपटला तर खुब्यातून निखळायचा, म्हणून मी घाबरून दोन्ही मनगटं बँडेजने कॉटला बांधायला लावली. बांधल्यावर ते दुप्पट जोराने ओरडायला लागले.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. साखर बघितली, १३४. ऑक्सिजन ९५. ताप नाही. नाडी १२४, बीपी १७०. फाईल उघडली तर संध्याकाळच्या पाळीतल्या डॉक्टरांनी एकच ओळ लिहून ठेवली होती: पेशंट अनकोऑपरेटिव्ह. हा शब्द कुणी शोधून काढला देव जाणे. त्यात पेशंटचं काय दुखतंय ते कधीच नसतं, आपल्याला किती त्रास होतोय एवढंच असतं. सरांना फोन केला. ते ओटीत होते. "लोराझेपाम दे दोन मिलिग्रॅम, बांधून ठेव, सकाळी बघू." फोन बंद. पूर्ण वाक्य ऐकायलाही त्यांना सवड नव्हती.

मी ते गुंगीचं इंजेक्शन भरलं. शेजारच्या वॉर्डातून तुम्ही तेवढ्यात आलात. माझ्या हातातल्या सिरिंजकडे बघितलंत आणि विचारलंत, "डॉक्टर, यांना लघवी कधी झाली?"

मी ठणकावून सांगितलं, "झालीय की. चादर ओली आहे."

यावर तुम्ही काही बोलला नाहीत. आजोबांच्या उजव्या बाजूला गेलात आणि दोन्ही तळहात एकमेकांवर घासायला लागलात. वॉर्डात एवढा गोंधळ, नातू रडतोय, शेजारचे पेशंट शिव्या देतायत, आणि तुम्ही थंडीत शेकोटीपुढे बसल्यासारख्या हात चोळत उभ्या! मला तर रागच आला होता. मग त्यांच्या कानाशी वाकून म्हणालात, "बाबा, पोटाला हात लावते हं. हात गरम हाय माझा." आणि बेंबीखाली हळूच तळवा टेकवलात.

त्या रात्री त्यांच्या अंगाला सहा-सात जणांचे हात लागले असतील. त्यातले चार त्यांना दाबून धरायला, एक सुई शोधायला, एक माझा, गाठ मारायला. आधी सांगून लागलेला हात तो एकटाच. आजोबा क्षणभर थांबले. बरे झाले नव्हते, नुसते थांबले. त्या थांबण्यात तुम्ही माझं मनगट धरलंत आणि माझा हात तुमच्या हाताच्या जागी ठेवलात.

बेंबीपर्यंत आलेला, टरबुजासारखा गच्च गोळा. बोटाने ठोकून बघितलं तर मठ्ठ आवाज. जरा दाब पडला तसे ते कळवळले आणि चादरीवर आणखी चार थेंब ओघळले.

"रांजण भरला की वसंडतो डॉक्टर," तुम्ही म्हणालात. "खाली सांडलेलं बघून तो रिकामा झाला म्हणायचं नसतं."

आणि मग दुसरं, जे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. "आमच्याकडं भाईर जायचं म्हणजे पळून जायचं नसतं. कवाधरनं सांगतायत ते तुम्हाला." सिस्टर, मी पुण्यात वाढलो. मराठीतच बोलतो, मराठीतच चिडतो, आणि माझ्यासमोर एक मराठी माणूस इतका वेळ नेमकं निदान ओरडून सांगत होता ते मला कळलं नाही.

कॅथेटर मीच घातलं. पिशवीत ११०० मिली लघवी उतरली. शेवटचे शंभर-दोनशे उतरेपर्यंत त्यांचा आवाज कुजबुजीवर आला होता. तुम्ही एकेक गाठ सोडलीत, मनगटावरचे वळ पुसलेत, दोन पायांमधली घसरलेली उशी पुन्हा नीट ठेवलीत. नातवाच्या पिशवीतून त्यांचा दोरी बांधलेला चष्मा काढून डोळ्यावर चढवायला लावलात. अडीचला नाडी ९२ होती. लोराझेपाम सिरिंजमध्येच राहिलं.

नंतर चहा घेताना मी सगळा हिशोब मांडला. कॅथेटर सकाळी आठला काढलेलं. प्रोस्टेटचं वय. दुखण्यासाठी ट्रमाडॉल. संध्याकाळी अंगाला खाज सुटली म्हणून फेनिरामाईन. ही दोन्ही औषधं म्हाताऱ्या माणसाची लघवीही अडवू शकतात आणि डोकंही भ्रमवू शकतात. चारही गोष्टी फाईलमध्ये होत्या, फक्त चार वेगवेगळ्या पानांवर. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक सुटल्याने आलेला भ्रम असेल तर लोराझेपाम हेच औषध, म्हणून मी नातवाला ते विचारायला हवं होतं. तेही विचारलं नव्हतं. आजोबा माळकरी निघाले. त्यांच्यासारख्या पेशंटला ते दिलं असतं तर भ्रम वाढला असता, नाहीतर ते गप्प झाले असते. गप्प होण्याचीच मला आता जास्त भीती वाटते. मी "शांत झोपले" असं लिहून खाली गेलो असतो आणि आतला गोळा सकाळपर्यंत ताणत राहिला असता.

एक मात्र नमूद करतो, नाहीतर जादूची गोष्ट वाटेल. भ्रम त्याच रात्री पूर्ण गेला नाही. पुढचे दोन दिवस संध्याकाळ झाली की ते नातवाला बैलाच्या नावाने हाक मारायचे. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले की रविवार, शनिवारनंतर गाडी थेट सोमवारी जायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळे वार बरोबर म्हटले आणि वर विचारलं, "कामून पोरासारखं पाठांतर घेताय?" खाजेचं औषध आम्ही बंद केलं, ट्रमाडॉलऐवजी पॅरासिटामॉल दिलं. फाईलवरच्या "अनकोऑपरेटिव्ह"खाली मी लघवी तुंबल्याचं आणि भ्रमाचं निदान वेळेसकट लिहिलं. राउंडला सरांनी ते वाचलं आणि पान उलटलं.

आणि हो, सकाळी नातू पाया पडायला आला तेव्हा "डॉक्टरांनी हात लावून वळखलं" असं तुम्ही त्याला सांगितलंत. मी ते खोडून काढलं नाही. गेले तीन आठवडे तेच जास्त टोचतंय, तर आज खोडतो: ओळखलं तुम्ही.

मंगळवारी आजोबा टाके काढून घ्यायला आले होते. वॉकर घेऊन, स्वतःच्या पायांवर. "ती गरम हाताची बाई कुठंय?" म्हणाले. तुमची ड्युटी प्रसूती वॉर्डात लागलीय म्हटल्यावर एवढे हसले की ठसका लागला. जाताना भुईमुगाच्या शेंगांची पिशवी माझ्याकडे देऊन गेले. ड्युटी रूमच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलीय. जरा लवकर या. अर्धी मी संपवलीय, उरलेल्या शेंगांचा वास बाकीच्या रेसिडेंटना लागलाय.

तुमचा,
बेड नंबर ११ चा पहिल्या वर्षाचा डॉक्टर