फी नाही, तरी फुकट नाही

बाळ्या,

आई-बाबांना नमस्कार सांग. तुझा मेसेज वाचला, "ताई, जर्मनीत फी नाही म्हणजे मास्टर्स फुकटच की". अरे बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत फी नाही हे खरंय (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्याला सेमिस्टरला 1500 युरो पडतात), पण तू पुण्यातली नोकरी सोडून येणार ना, मग तो पगार कुठे धरलास?

आता बघ, तुला हातात 45,000 येतात, त्यातले 20,000 रूम, मेस, पेट्रोलमध्ये जातात आणि 25,000 उरतात. इथे व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो ठेवायचे, म्हणजे महिन्याला 992. ते पैसे तुझेच, दर महिन्याला परत मिळतात, पण खाण्या-राहण्यातच संपतात. युरो शंभर रुपये धरला तर महिन्याला लाखभर. बाबा लगेच पगार अधिक लाख म्हणजे 1 लाख 45 हजार म्हणतील, पण पुण्याचे 20,000 तर वाचतील, ते वजा कर. म्हणजे महिना सव्वा लाख आणि दोन वर्षांचे 30 लाख, हा तुझ्या "फुकट" डिग्रीचा खर्च, इथे काहीच कमावलं नाहीस तर. आणि जर्मन क्लासची फी भरलीय म्हणून जायलाच हवं असलं काही डोक्यात आणू नकोस, ते पैसे आलास तरी गेले, नाही आलास तरी गेले.

पार्टटाइम करून भरून काढीन म्हणशील. काढ की, वर्षाला 140 पूर्ण दिवस चालतात. पण इथे बरीच मुलं गोडाऊनच्या शिफ्ट घेत बसतात, विषय राहतात, थिसिस लांबतो आणि एक सेमिस्टर जास्त लागतं. ते सहा महिने पुण्याच्या पगारात मोजायचे नाहीत हां, कारण तेव्हा तू सोडतोयस ती इथली इंजिनिअरची नोकरी, महिन्याला ढोबळ 4000 युरो धर टॅक्सच्या आधी, म्हणजे 24,000 युरो. दोन वर्षं शिफ्ट करूनही तेवढे साठणं अवघड. त्यापेक्षा आपल्याच फील्डमधलं वेर्कश्टुडेंटचं, म्हणजे शिकता शिकता कंपनीत करायचं काम शोध, ते मिळायला वेळ लागतो पण नोकरीच्या वेळी कामाला येतं.

पण म्हणून प्रत्येक तासाला पैशाचा शिक्का मारू नकोस. मी रविवारी दोन तास पोळ्या लाटते तर ऑफिसमधली एकजण म्हणते तुझ्या पगारात बाहेरून मागवणं स्वस्त. अगं पण रविवारी मला पगार कोण देतंय, पोळ्या नसत्या तर मी सोफ्यावर रील्सच बघितल्या असत्या!

तुझ्या प्रमोशनचं काय ते लिही, पगार 70,000 होणार असेल तर वरचा सगळा हिशोब परत मांडायला लागेल. आणि आईला सांग गोडा मसाला संपलाय.

तुझी,
ताई