अंगठा घरी, साक्षीदार बँकेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सही करू न शकणाऱ्या खातेदाराचे पैसे काढताना आमच्या घरी झालेला घोळ कळवतो. चूक निम्मी आमची होती, निम्मी बँकेची.

माझी आत्या ८१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही. कंपवातामुळे तिची सही आधी बारीक होत गेली आणि मग नमुन्याशी जुळेनाशी झाली. पैसे काढायची स्लिप दोनदा परत आली, तेव्हा मी घरीच तिचा अंगठा घेतला, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या आणि स्लिप काउंटरवर दिली. ती घेतली नाही. "त्यांना रिक्षात घालून आणा," असं उत्तर मिळालं. वर हळूच सल्लाही मिळाला की एटीएम कार्ड तुम्हीच वापरा ना, सगळे तेच करतात. नियम दाखवणाऱ्या माणसानेच पिन दुसऱ्याला द्यायला सांगावं, याला काय म्हणायचं?

चिडून मी रिझर्व्ह बँकेचं ग्राहकसेवेबद्दलचं १ जुलै २०१५ चं मास्टर सर्क्युलर वाचलं. आजारी किंवा वृद्ध खातेदार बँकेत येऊ शकत नसेल, तरी स्लिपवर किंवा चेकवर त्याचा अंगठा चालतो. अंगठा उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा, तोही जमत नसेल तर नुसती खूण चालते. मात्र ठसा त्याचाच आहे हे सांगायला दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. म्हणजे माझी स्लिप नाकारली हे बरोबरच होतं. पण आत्याला जिने उतरवून आणा हे सांगणं चूक होतं, कारण ही सोय मुळात येऊ न शकणाऱ्यांसाठीच आहे.

साक्षीदारांत बँकेचा अधिकारी हवाच हा हट्ट कशासाठी, हे मला नंतर उमगलं. सही नमुन्याच्या कार्डाशी ताडून बघता येते. अंगठ्याच्या रेषा काउंटरवरचा कारकून नुसत्या डोळ्यांनी कशा ताडणार? म्हणून पडताळणीचं काम साक्षीदारावर येतं. आमच्या शेजाऱ्यांनी, खरं सांगायचं तर, अंगठा उठवताना पाहिलाच नव्हता. मी नंतर जिन्यात गाठून त्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

लेखी अर्ज दिल्यावर शाखेतल्या एक अधिकारी मॅडम घरी आल्या. दुसरे साक्षीदार खालच्या मजल्यावरचे काका. त्यांचं खातं त्याच शाखेत असल्यामुळे बँक त्यांना ओळखते. पैसे मी आणणार होतो, म्हणून मला साक्षीदार होता येईना. मॅडमनी आधी रक्कम अंकी आणि अक्षरी लिहून घेतली, आत्याला मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, "किती काढायचेत, आजी?" आत्या म्हणाली, "पंधरा हजार. आणि हाच आणेल." मगच शाईचा पॅड उघडला.

पहिला ठसा फुकट गेला. शाई जास्त लागली होती, त्यात हात थरथरला, आणि कागदावर नुसता काळा डाग उठला. मॅडमनी नवी स्लिप लिहिली, अंगठ्यावरची जास्तीची शाई रद्दी कागदावर टिपली, आत्याचं मनगट टेबलावर टेकवलं आणि पुठ्ठ्यावर ठेवलेली स्लिपच अंगठ्याखाली सरकवली. या वेळी रेषा मोजता येतील इतक्या स्वच्छ उठल्या. शेजारी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' आणि आत्याचं नाव लिहिलं, खाली दोन्ही साक्षीदारांच्या सह्या झाल्या. पैसे नेणारा म्हणून माझी सही घेतली, आणि तो मीच, हेही त्या दोघांनीच ओळखून दिलं. सगळं वीस मिनिटांत आटोपलं.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. खातेदार शुद्धीवर हवा आणि आपण काय करतोय हे त्याला कळायला हवं. अतिदक्षता विभागातल्या बेशुद्ध माणसाचा अंगठा कागदावर टेकवला, तर ती त्याची संमती होत नाही, साक्षीदार कितीही असोत. तिथे पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावं लागतं. कुलमुखत्यारपत्राचंही तसंच. माणूस समजून सही किंवा अंगठा करू शकतो तोवरच ते करता येतं.

याच सर्क्युलरमध्ये ही कार्यपद्धती शाखेच्या सूचना फलकावर लावायला सांगितली आहे. आमच्या शाखेतल्या फलकावर सुट्ट्यांची यादी आणि लॉकरचे दर आहेत. अर्ज देताना मी त्या पानाची प्रत फलकासाठी म्हणून मॅनेजरसाहेबांकडे दिली. कालपर्यंत तरी ती लागलेली नव्हती.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे