ताई, बाबांचं निदान माझ्या अर्जातून काढायला लावलंत त्याबद्दल

प्रिय ताई,

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एमएला माझा प्रवेश झाला, हे तुम्हाला फोनवर सांगितलंच. पण आभार मानायचे राहिले. ते सगळ्यांना वाचता येतील असे लिहितेय, कारण आमच्या यवतमाळकडच्या आणखी दोन-तीन मुली यंदा हाच अर्ज भरताहेत आणि त्यांचं पहिलं वाक्य थेट माझ्यासारखंच आहे.

माझं पहिलं वाक्य तुम्हाला पाठ असेल. ‘बाबांचं डिप्रेशन, आईची अँक्झायटी आणि माझी स्वतःची ओसीडी यांमुळे मी मानसशास्त्राकडे वळले.’ गच्चीवर, जिथे रेंज येते त्या कोपऱ्यात उभी राहून मी ते तुम्हाला वाचून दाखवलं होतं. लिहिताना मला ते फार धीट वाटलं होतं. तुम्ही तिथेच थांबवलंत.

“बाबांना कोणी तपासलं?”

“कोणी नाही.”

“मग हे निदान कुणाचं?”

मी गप्प. मग ओसीडीवर आलात. मी म्हटलं, मोटारीचा स्टार्टर बंद केला का ते बघायला मी तीन-तीनदा विहिरीवर जाते. तुम्ही विचारलंत, स्टार्टर कधी जळला होता का? दोनदा जळला होता, दुसऱ्यांदा तर ऐन ओलिताच्या वेळी. तुम्ही इतक्या हसलात की मला राग आला. आता सांगायला हरकत नाही.

राग उतरल्यावर तुमचं म्हणणं पटलं. एखाद्या लक्षणाला आजार म्हणायचं तर ते किती दिवसांपासून आहे, त्याने रोजच्या कामात किती अडतं, दुसरं काही कारण तर नाही ना, हे शिकलेल्या माणसाने समोर बसून तपासावं लागतं. तेच शिकण्यासाठी मी अर्ज करत होते आणि पहिल्याच ओळीत तीन निदानं करून मोकळी झाले होते. वाचणाऱ्या प्राध्यापकांना त्यातून एवढंच कळलं असतं की हिला निदान म्हणजे काय ते अजून ठाऊक नाही. दुसरी गोष्ट तुम्ही हळू आवाजात सांगितलीत: “हा कागद बाबांसमोर मोठ्याने वाचता येईल का तुला? येत नसेल तर त्यांच्याबद्दलचं ते वाक्य तुझं नाही.”

स्वतःचं काही लिहूच नये, असं तुम्ही म्हणाला नाहीत, हेही सांगायला हवं. आजारपणामुळे वर्ष गेलं असेल किंवा मार्क घसरले असतील, तर ते एका ओळीत सांगून पुढे जावं. पण आजार म्हणजे पात्रतेचा दाखला नव्हे.

मग तुम्ही विचारलंत, “तुला खरंच कोडं पडलं असा एक प्रसंग सांग.” मला रात्री शेत राखायला जागलीला जाणारे एक आजोबा आठवले.

बीएनंतर दोन महिने मी एका सर्वेक्षणात घरोघर जाऊन प्रश्न वाचत होते. त्यात नैराश्याची लक्षणं चाचपणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली होती. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. बेरीज १० किंवा वर गेली की पुढची तपासणी करावी असं साधारण मानतात. तेवढ्यावर निदान होत नाही. तिसरा प्रश्न झोपेचा. आजोबा म्हणाले, “जागलीले जातो ना पोरी, झोप कुठची.” शेतात तूर उभी होती, रोही आणि रानडुकरांचा त्रास चालू होता. ‘जवळजवळ रोज’ या रकान्यात ३ लिहायचे होते. मी लिहिले, आणि बाहेर पडताना मनात आलं की हा प्रश्न आमच्याकडे चालतच नाही. हा माणूस आजारी नाही, राखणीला आहे.

दुसऱ्या मसुद्यात मी हेच लिहिलं. प्रश्नावली शहरी आहे, ग्रामीण माणसाला लागू पडत नाही, वगैरे. मला वाटलं, आता तरी तुम्ही खूश व्हाल. तुम्ही म्हणालात, हेही निदानच झालं, फक्त या वेळी तू माणसाऐवजी कागदाला आजारी ठरवलंस. एका उत्तराने ती प्रश्नावली मोडत नाही. जागल आहे म्हणून नैराश्य नसेलच, असंही नाही. जागल नसते त्या रात्री काय होतं, ते तू विचारलंस का?

विचारलं होतं! पण ते महत्त्वाचं आहे हे मला कळलं नव्हतं, म्हणून लिहिलंच नव्हतं. दारातून निघताना सहज विचारलं होतं, की घरी असता तेव्हा तरी झोप लागते ना? आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “घरी असलो तरी डोया लागत नाही. आढ्याकडे पाहत राह्यतो.” आम्हाला दिलेल्या सूचनेप्रमाणे मी ते त्याच दिवशी पर्यवेक्षकांना कळवलं होतं.

अर्जाचा सगळा मधला भाग मग यावरच उभा राहिला. झोप नाही म्हणून ३ गुण. जागल कळली तेव्हा मला ते गुण खोटे वाटले. घरची रात्र कळली तेव्हा वाटलं, खरेही असतील. तिन्ही वेळा माणूस तोच होता, बदलत होता तो माझा अंदाज. त्याखाली मी एकच प्रश्न लिहिला: जिथे कामच झोप खातं, तिथे न येणारी झोप आणि न मिळणारी झोप वेगळी कशी ओळखायची? आजोबांचं गाव, वय, घरची माणसं काही लिहिलं नाही. पर्यवेक्षकांना कळवल्यावर पुढे काय झालं तेही नाही. ते त्यांचं आहे.

तुम्ही पाठवलेला अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमधल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचा लेख मला कुठेतरी घुसडायचा होता, अभ्यास केलाय हे दिसावं म्हणून. नैराश्याची लक्षणं असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण तिथे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. लेख २०१७ सालचा आहे. तुम्ही म्हणालात, आकडा तुझ्या प्रश्नाला चिकटत असेल तरच ठेव. तो असा चिकटला: गावात जाऊन विचारणारं कोणी असलं की माणसं पोचतात, आणि म्हणूनच विचारणाऱ्याने उत्तर नीट ऐकणं मला शिकायचं आहे. तिथे ‘मला लोकांची सेवा करायची आहे’ हे वाक्य आपोआप गळून पडलं. ते गेल्याचं दुःख मला दोन दिवस होतं.

मुलाखतीत एका मॅडमनी विचारलं, “तुम्हाला आधी जागलीचंच कारण का सुचलं?” मी म्हटलं, “आमच्याही घरी जागल असते. ओळखीचं कारण दिसलं आणि मी तिथेच थांबले.” त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. घरच्यांबद्दल त्या अर्ध्या तासात मी एवढंच बोलले.

अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री मी तो बाबांना वाचून दाखवला. इंग्रजी वाक्य वाचायचं, मग मराठीत सांगायचं. त्यांच्याबद्दल एकच ओळ होती: माझे वडील तुरीच्या दिवसांत जागलीला जातात. ऐकून झाल्यावर ते चप्पल शोधत म्हणाले, “हरभऱ्याले बी जातो. ते राह्यलं तुयं लिहाचं.”

ती दुरुस्ती करूनच अर्ज पाठवला.

तुमची,
गच्चीवरून फोन करणारी