सुमे, चिऊचा गणिताचा पेपर आला

प्रिय सुमे,

तीन महिने पत्र नाही, फोन नाही. रागावली असशील तर तुझा हक्कच आहे. गुडघा बरा आहे. आज लिहायला बसले ती चिऊच्या पेपरामुळे. 80 पैकी 47.

सगळ्यात जास्त लाल शाई भूमितीच्या सिद्धतांवर होती, तिथे 9 गुण गेलेले. मी लगेच आठवडाभर फक्त भूमिती करायचं ठरवलं. मग आपलं कॉलेजातलं भांडण आठवलं. मी सगळ्यात अवघड धडा धरून बसायचे आणि तू म्हणायचीस, "आधी हातातून निसटलेलं उचल." तुला आळशी म्हटलं होतं मी. शब्द परत घेते.

रविवारी चुकलेली, सुटलेली सगळी गणितं तिला कोऱ्या कागदावर पुन्हा दिली, उत्तरं झाकून आणि घड्याळ न लावता. "येत होतं गं, घाईत चुकलं," असं ती प्रत्येक गणिताला म्हणत होती. पण खरंच काय येत होतं ते या कागदावर दिसलं. गेलेल्या 33 पैकी 17 गुणांची गणितं तिने एकटीने बरोबर केली. त्यातले 5 गेले होते पायऱ्या गाळल्यामुळे आणि एकक न लिहिल्यामुळे, 6 चिन्हांमुळे, 6 वेळ न उरल्यामुळे. एका गणितात चिन्ह चुकल्यामुळे पुढच्या चार ओळी चुकल्या होत्या, पण ते गुण मी पहिल्या चुकीच्याच नावावर टाकले. नाहीतर तिला सगळा धडाच कच्चा वाटला असता.

म्हणून सर्वांत आधी पायऱ्या आणि एकक. त्याला नवं काही शिकावं लागत नाही. मग चिन्हं, रोज दहा मिनिटं. −3(x−4) चं तिने −3x−12 केलं होतं. आता कंस सोडवला की x = 1 घालून बघते: मूळ राशीत 9 येतात, तिच्या उत्तरात −15. चूक तिची तिलाच सापडते, आणि सापडली की टाळी वाजवते वेडी!

वेळेचे 6 गुण मात्र भूमितीनेच खाल्ले होते. एका सिद्धतेवर ती पंचवीस मिनिटं अडून बसली होती. तीन तासांत 80 गुण, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं. चार गुणांच्या प्रश्नाला दहा मिनिटं झाली की खूण करून पुढे जायचं. नंतर शाब्दिक उदाहरणांचे 7. समीकरण मांडून दिलं की तिला सुटतं, म्हणून आठवडाभर फक्त मांडणी करायची, सोडवायचं नाही. भूमिती शेवटी.

मागचा पेपरही काढून पाहिला. चिन्हं तिथेही चुकली होती, एककं नव्हती चुकली. म्हणजे चिन्हांची सवय जुनी आहे, दहा मिनिटं कमी करून चालणार नाही. पुढच्या रविवारी न पाहिलेला पेपर देणार आहे. त्यात 6 चे 2 झाले तरच ही दहा मिनिटं कामाला आली म्हणेन.

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंना नमस्कार सांग.

भूमिती शेवटी ठेवली, याचीच धाकधूक आहे. तू इतकी वर्षं शिकवतेस. सिद्धता अशा मागे टाकल्या तर मूल त्यांना कायमचं घाबरतं का गं? लवकर लिही.

तुझी,
नंदा