तक्रार: नव्या आवृत्तीत मोरे आणि भोरे ओळखू येत नाहीत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: खातेनोंदणी प्रणालीच्या नव्या आवृत्तीतील अस्पष्ट मराठी अक्षरांबाबत

महोदय,

परळमधील आमची पतसंस्था तुमची प्रणाली बऱ्याच वर्षांपासून वापरते. नवी आवृत्ती बसवल्यापासून सभासदांच्या यादीतील बारीक अक्षरे खडबडीत आणि धूसर दिसतात. मागच्या आठवड्यात मोरे यांचा हप्ता भोरे यांच्या खात्यात जमा झाला. भरणा करणाऱ्या ताईंनी नाव वाचूनच नोंद केली होती, पण पडद्यावर ती दोन नावे वेगळी दिसतच नव्हती. तुमच्याकडून उत्तर आले की मॉनिटर जुने आहेत, बदला. हे उत्तर मला मान्य नाही, आणि का ते सविस्तर लिहीत आहे. या नोकरीआधी मी गिरगावात डीटीपीचे काम केले आहे, त्यामुळे फॉन्ट उघडून पाहता येतो.

आमचे मॉनिटर साडेअठरा इंची, 1366 × 768 पिक्सेलचे आहेत, म्हणजे इंचाला साधारण 85 पिक्सेल. यादीतील अक्षर 9 पॉइंटचे आहे. विंडोज ते 12 पिक्सेलमध्ये काढते. जुनी आवृत्ती विंडोजमधला मंगल वापरायची. नवीत तुम्ही स्वतःचा फॉन्ट घातला आहे. तो मी फॉन्टफोर्जमध्ये उघडला. 1000 एककांच्या चौकटीत शिरोरेषेची खालची कड 530 वर आणि वरची 600 वर आहे. 12 पिक्सेलला या कडा 6.36 आणि 7.2 वर येतात. म्हणजे शिरोरेषा एका पिक्सेलहूनही बारीक आहे, आणि तीही पिक्सेलच्या दोन ओळींत विभागली जाते: तळापासून सातव्या ओळीचा 64 टक्के भाग आणि आठवीचा 20 टक्के. अर्धा पिक्सेल काळा करता येत नाही, म्हणून अँटी-एलियासिंग तेवढ्या प्रमाणात करडा रंग भरते. काळ्या रेषेऐवजी एक गडद करडी आणि तिच्यावर एक फिकट, अशा दोन रेषा उमटतात. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा जिथे एकमेकींवर येतात तिथे करडा रंग दोनदा चढतो, 64 टक्क्यांवरून 87 टक्क्यांवर जातो, आणि शब्दभर काळ्या गाठी दिसतात.

भ आणि म यांच्यात मुख्य फरक शिरोरेषेतील फटीचा, ध आणि घ यांच्यातही तोच. ही फट या आकारात जेमतेम एका पिक्सेलची असते. ती दोन पिक्सेलच्या मध्ये आली की दोन्ही अर्धवट करडे होतात, आणि शेजारची शिरोरेषाही करडीच असल्यामुळे फट बुजते. मोरे-भोरेचा घोळ इथे झाला.

यावरचा उपाय म्हणजे हिंटिंग: लहान आकारात कोणती कड कोणत्या पिक्सेलवर बसवायची, याच्या फॉन्टमध्येच लिहिलेल्या सूचना. 7.2 ची कड 7 वर आणायची, 0.84 ची जाडी 1 करायची, की सातवी ओळ पूर्ण काळी आणि आठवी पूर्ण मोकळी. तुमच्या फॉन्टमध्ये अशी एकही सूचना नाही. त्याच मॉनिटरवर त्याच आकारात मंगल स्वच्छ वाचता येतो, मग दोष मॉनिटरचा कसा?

तुमच्या प्रतिनिधींनी अक्षर मोठे करण्याचा सल्ला दिला. आम्ही 12 पॉइंट, म्हणजे 16 पिक्सेल करून पाहिले. तिथे कडा 8.48 आणि 9.6 वर येतात: एका ओळीत 52 टक्के, वरच्या ओळीत 60. शिरोरेषा दोन पिक्सेल जाड आणि सगळीच करडी. शिवाय रकाने पुरत नाहीत आणि आडनावे कापली जातात.

खात्री करायची असेल तर आमच्यासारख्या मॉनिटरवर यादीचे प्रिंट स्क्रीन घेऊन पेंटमध्ये 800 टक्के मोठे करा. दाट पिक्सेलच्या लॅपटॉपवर, 200 टक्के स्केलिंग ठेवून पाहिलेत तर तेच अक्षर 24 पिक्सेलचे होते आणि दोष जवळपास झाकला जातो. चाचणी तशाच पडद्यावर झाली असावी, असा माझा अंदाज आहे.

फॉन्ट निवडण्याची सोय द्या, म्हणजे आम्ही आजच मंगलवर परत जाऊ. ही सोय या महिनाअखेरच्या व्याजआकारणीआधी हवी. नंतर तुमच्या फॉन्टचे हिंटिंग करा. आपोआप हिंटिंग करणारे ttfautohint देवनागरी हाताळते, पण केवळ त्यावर विसंबू नका. उभी जोडाक्षरे, रफार आणि उकार 11 ते 16 पिक्सेलमध्ये माणसाने डोळ्यांनी तपासायला हवेत. हिंटिंगमुळे अक्षरांचे वळण थोडे ताठ होईल, हे मला ठाऊक आहे. खातेवहीत आम्हाला ते चालेल.

मोठे केलेले स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. सभासदांची नावे त्यात झाकली आहेत. फक्त आडनावे ठेवली आहेत.

आपली विश्वासू,
व्यवस्थापक, सहकारी पतसंस्था
परळ, मुंबई