हॉलचा पंखा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. मोटरवरचं नाव उडालंय, पण तीन पाती दिसतात. आईने कपडे वाळत घालायच्या काठीने मापलं तेव्हा मधल्या टोपीच्या केंद्रापासून पात्याच्या टोकापर्यंत दोन फूट भरलं. म्हणजे पूर्ण व्यास चार फूट. दुकानात यालाच १२०० मिमी म्हणतात. तेवढाच घ्यायचा.

व्यास जुळला म्हणजे पंखा बसला असं मात्र नाही. म्हणून वायरमनकडून वरची वाटी खाली सरकवून दुसरा फोटो काढून घ्यायला सांगितलं होतं. (आई, तू बाबांना स्टुलावर चढू दिलं नाहीस, बरं केलंस.) स्लॅबमधून आलेला लोखंडी हूक त्यात स्पष्ट दिसतो. दांड्याच्या टोकाला जो रबराचा रूळ असतो तो या हुकावर टेकतो आणि आरपार बोल्ट जातो. नव्या पंख्याचीही तीच रचना आहे, त्यामुळे हूक चालेल. फक्त रूळ जिथे टेकतो तिथे हूक झिजून खाच पडली आहे का, गंजाचे पापुद्रे निघतात का, ते वायरमनला बोटाने चाचपायला सांगा. खाच असेल तर पंखा टांगायचाच नाही, आधी हूक बदलायचा. आणि जुना दांडा ‘चांगला आहे’ म्हणून वापरू देऊ नका, भोकं जुळत नाहीत. बोल्टच्या टोकाची पिन दोन्ही बाजूंना फाकवली आहे, एवढं खालून डोळ्यांनी पाहा.

आता खरी अडचण. तुम्हाला हवाय तो रिमोटवाला, बीएलडीसी. त्याचा वेग त्याच्या आतलं सर्किट ठरवतं, त्याला पूर्ण दाबाची वीज लागते. आपल्या बोर्डावरच्या रेग्युलेटरने ती कमी झाली तर पंखा अडखळतो, मध्येच बंद पडतो, आणि सर्किट जळूही शकतं. ‘पाचवर ठेवा, चालतंय’ असं वायरमन म्हणेल. ऐकू नका. नातू येऊन खटका फिरवणारच. रेग्युलेटर काढून बटणाची वायर थेट पंख्याकडे न्यायला सांगा.

फोटोत छतातून दोनच वायरी आल्यात, लाल आणि काळी. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, नाही. नव्या पंख्याला ती जोडायची जागा आहे. बोर्डावरच्या तीन पिनांच्या प्लगला अर्थिंग खरोखर येतं का ते टेस्टरवर न भागवता नीट तपासून, तिथून एक हिरवी वायर वर ओढून घ्या. पाइपात जागा नसेल तर बाहेरून पट्टीतून आणू दे, दिसायला वाईट दिसली तरी चालेल. काळ्या वायरला अर्थिंग बांधू द्यायचं नाही.

नौपाड्यातल्या त्या दुकानातूनच घ्या, बिल ठेवा. काम सुरू करताना मेन स्विच बंद. रविवारी खारघरहून निघते, दुपारी जेवायला येईन.

तुमची,
मनू